वडिलांच्या माघारी त्यांचं फेसबुक: बंद करायचं की ठेवायचं, आणि आधी काय करायचं

"वडील चार महिन्यांपूर्वी गेले. त्यांचं फेसबुक अजून चालू आहे, गेल्या आठवड्यात वाढदिवसाला चाळीस-पन्नास जणांनी शुभेच्छा टाकल्या, त्यातल्या निम्म्या लोकांना ते गेलेत हेच माहीत नाही. आणि आता त्यांच्याच फोटोचं दुसरं एक प्रोफाइल पैसे मागतंय. पासवर्ड कोणाला माहीत नाही, मोबाइल आणि सिम घरात आहे. आई म्हणते राहू दे, भाऊ म्हणतो काढून टाक. नक्की काय करायचं आणि कुठून सुरू करायचं?"

ताई, मी वारसाचे कागद करून देतो, म्हणजे मृत्यू दाखला, बँकेचं क्लेम, सातबाऱ्यावर वारसनोंद वगैरे, आणि गेली बरीच वर्षं त्याच्यासोबत हे फेसबुक-व्हॉट्सॲपचं कामही आपोआप गळ्यात पडतं, कारण लोक फाइल घेऊन येतात आणि उठता उठता म्हणतात की अजून एक होतं हो. तर पहिलं सांगतो, आई आणि भावाचं भांडण आज मिटवायची गरज नाही. फेसबुकवर अकाउंट मेमोरियलाइज केलं, म्हणजे नावाबरोबर Remembering असं लिहून आलं, की नंतर जवळचे नातेवाईक ते कायमचं काढायची मागणी करू शकतात. पण एकदा काढलं की परत आणता येत नाही. म्हणजे आईचं ऐकून सुरुवात केली तर भावाचा रस्ता उघडा राहतो, भावाचं ऐकलं तर आईचा बंद होतो. म्हणून मी शक्यतो आधी मेमोरियलाइज करायला सांगतो आणि काढायचं की नाही ते वर्षश्राद्धानंतर ठरवा म्हणतो.

पण त्याच्याही आधी थोडी कामं आहेत आणि बहुतेक घरांत घोळ तिथंच होतो.

सगळ्यात पहिलं सिम. सिम बंद करू नका, प्रीपेड असेल तर लहानसा रिचार्ज मारून चालू ठेवा. बँकेचे, पेन्शनचे, विम्याचे ओटीपी आणि मेसेज त्याच नंबरवर येतात हे तर आहेच, पण दुसरं असं की बंद पडलेला नंबर कंपनी कायम रिकामा ठेवत नाही, ९० दिवस झाले की तो दुसऱ्या कोणाला देता येतो. मग वडिलांच्या नंबरवर एखादा अनोळखी पोरगा व्हॉट्सॲप चालू करतो आणि तुमच्या मोबाइलमध्ये 'पप्पा' या नावापुढं त्याचा गॉगल घातलेला फोटो दिसतो. असं झालेली माणसं माझ्याकडं आलीत आणि त्यांची समजूत घालणं अवघड असतं, कारण त्या पोराची काहीच चूक नसते. नंबर घरात ठेवायचा असेल तर मृत्यू दाखला आणि बाकी वारसांची ना हरकत घेऊन तो तुमच्या किंवा आईच्या नावावर करता येतो, त्यासाठी कंपनीच्या दुकानातच जावं लागतं.

मग फोटो. फोनच्या गॅलरीत आहेत ते लगेच पेन ड्राइव्हवर घ्या. फेसबुकवर वडिलांनी टाकलेले फोटो, पोस्ट, त्यावरच्या कमेंट हे सगळं तुम्ही फ्रेंड असाल तर तुमच्याच लॉगिनमधून दिसतं, तिथूनच सेव्ह करा, कमेंटचे स्क्रीनशॉट घ्या. कंटाळवाणं काम आहे, एका बसणीत होत नाही, भाचरांना कामाला लावा. आता तुम्ही म्हणाल मोबाइल हातात आहे, ओटीपी येतोय, मग पासवर्ड रीसेट करून सरळ आत का जाऊ नये. जमतं बऱ्याचदा, आणि लोक करतात हे मला माहीत आहे, पण फेसबुकच्या नियमात दुसऱ्याच्या अकाउंटमध्ये लॉगिन करायला परवानगी नाही, मग तो माणूस हयात असो वा नसो. शिवाय आत गेलं की मेसेंजर उघडतं आणि तिथं काय दिसेल याची तयारी प्रत्येक घराची नसते. म्हणून मी कोणाला हा रस्ता सुचवत नाही.

आत जाता येईल म्हणून निवांत राहणारे अजून एका कारणानं फसतात. मेमोरियलाइज झालेल्या अकाउंटमध्ये कोणालाच लॉगिन होत नाही, बरोबर पासवर्ड असला तरी नाही. आणि मेमोरियलाइजची मागणी फक्त घरच्यांनीच करायची असं नाही, मित्रयादीतला एखादा भला माणूसही फॉर्म भरून टाकतो. जर्मनीतली केस प्रसिद्ध आहे. २०१२ मध्ये बर्लिनमध्ये १५ वर्षांची एक मुलगी मेट्रोखाली गेली, तो अपघात होता की तिनं स्वतःहून केलं हे आईवडिलांना कळेना म्हणून त्यांना तिचे मेसेज बघायचे होते. पासवर्ड होता त्यांच्याकडं, पण तोवर कोणीतरी कळवून अकाउंट मेमोरियलाइज झालं होतं आणि दार बंद. ते कोर्टात गेले, खाली जिंकले, वरच्या कोर्टात हरले आणि शेवटी १२ जुलै २०१८ ला तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं निकाल दिला की पत्रं, डायऱ्या जशा वारसाला मिळतात तसं हे अकाउंटही मिळालं पाहिजे. त्यावर कंपनीनं १४,००० पानांच्या वर एक पीडीएफ पेन ड्राइव्हवर दिली, मग त्यावरून पुन्हा कोर्ट आणि २०२० मध्ये पुन्हा आदेश की पीडीएफ नाही, अकाउंटच बघायला द्या. आठ वर्षं गेली. तो निकाल जर्मनीतला आहे, आपल्याकडं त्याच्या जोरावर काही मागता येत नाही. फेसबुक वारसांना मजकूर देतं ते फार क्वचित आणि तेही कोर्टाचा आदेश असला तर, त्यामुळं मेसेज मिळतील या आशेवर बाकीचं काम अडवून ठेवू नका.

आता पेजचं बघा. वडील एखादं फेसबुक पेज चालवत होते का, दुकानाचं, मंडळाचं, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं? असेल आणि ते एकटेच ॲडमिन असतील तर त्यांचं अकाउंट मेमोरियलाइज झाल्यावर ते पेजही निघून जातं. हे फेसबुकनं मदतीच्या पानावर लिहिलंय पण वाचतो कोण. त्यामुळं आधी मंडळात विचारा दुसरा ॲडमिन आहे का, नसेल तर पेजवरचे फोटो उतरवून घ्या, नवीन पेज काढा, जुन्याच्या कमेंटमध्ये त्याची लिंक टाका, आणि लोक तिकडं सरकले की मगच अर्ज करा.

हे झालं की अर्ज. एक प्रकरण सांगतो म्हणजे कागद कसे लागतात ते कळेल. एक निवृत्त मास्तर होते, गावात सगळे त्यांना बापू म्हणायचे आणि फेसबुकवरही नाव तेच, 'बापू' आणि पुढं आडनाव. मृत्यू दाखल्यावर अर्थातच शाळेतलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. फेसबुकवर जन्मतारीख त्यांनी खरी टाकलेली आणि आधारवर मात्र १ जून, कारण त्या पिढीला शाळेत घालताना गुरुजींनी जी तारीख लिहिली ती. आता तिकडं बसून तपासणारा माणूस काय बघणार, प्रोफाइलवर एक नाव, दाखल्यावर दुसरं, तारीख तिसरीच. असं असेल तर तो आणखी पुरावा मागणार हे धरूनच चालायचं. आम्ही काय केलं, पेपरातली निधनवार्ता काढली, त्यात 'ऊर्फ बापू' असं छापलेलं होतं आणि फोटोही होता, प्रोफाइलवर होता तसाच. मृत्यू दाखला, ती बातमी आणि फोटोसाठी आधार, असे तीन कागद जोडले आणि वर साध्या इंग्रजीत चार ओळी लिहिल्या की हे दोन्ही एकच गृहस्थ, प्रोफाइलवरचं नाव हे घरगुती नाव आहे, मृत्यूची तारीख अमुक, मी त्यांचा मुलगा. काम झालं. तुमच्याकडं अजून पेपरात काही दिलं नसेल आणि नावात असा फरक असेल तर वर्षश्राद्धाची छोटी जाहिरात देताना 'ऊर्फ' आठवणीनं छापून घ्या, कात्रण पुढं बँकेतही उपयोगी पडतं.

मेमोरियलाइजच्या फॉर्मचं नाव `Memorialization Request`, पत्ता `facebook.com/help/contact/234739086860192`. त्यात प्रोफाइलची लिंक, मृत्यूची तारीख आणि पुरावा एवढंच मागतात. लिंक नीट घ्या. वडिलांच्या प्रोफाइलवर जाऊन तीन टिंबं दाबली की `Copy link` येतं, तिथूनच घ्यायची, नाव शोधून पहिलं जे दिसेल ते नाही. तुमच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं, कारण दुसरं खोटं प्रोफाइल पण आहे आणि चुकून त्याची लिंक दिली तर तपासणारा गोंधळणार. काढून टाकण्याचा फॉर्म वेगळा आहे, `facebook.com/help/contact/228813257197480`, तो मात्र जवळच्या नातेवाइकानं किंवा मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकानं भरायचा. तिथं मृत्यू दाखला जोडला की सहसा दुसरं काही शोधावं लागत नाही. दाखला नसेल तर दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे अधिकार दाखवणारा कागद, मुखत्यारपत्र किंवा मृत्युपत्र असं काही, आणि दुसरी मृत्यू झाल्याचा पुरावा, पेपरातली निधनवार्ता किंवा श्रद्धांजलीचं कार्ड. आपल्याकडची दशक्रियेची छापील पत्रिका या दुसऱ्या गटातली. पण खरं सांगू का, दाखला मिळत असताना हे सगळं करूच नये. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत, दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर ते कळवतात. तुमच्याकडं दाखला असेलच, त्याचा सरळ, सावली न पडलेला फोटो घ्या, चारही कोपरे दिसले पाहिजेत. आधार जोडणार असाल तर नंबर झाकून टाका, ज्याची गरज नाही ती माहिती झाकायला फेसबुकच परवानगी देतं.

मेमोरियलाइज करण्याआधी एकदा वडिलांचं प्रोफाइल परक्या माणसाच्या नजरेनं बघा. कारण त्यांनी स्वतः जिवंतपणी कोणाला लेगसी काँटॅक्ट नेमलं नसेल, आणि आपल्याकडं शंभरात एखाद्यानं नेमलेलं असलं तरी खूप, तर नंतर त्यात काहीच बदलता येत नाही. लेगसी काँटॅक्ट असेल तर तो प्रोफाइलचा आणि कव्हरचा फोटो बदलू शकतो, वर एक पोस्ट लावून ठेवू शकतो, नवीन फ्रेंड रिक्वेस्ट घेऊ शकतो, मेसेज मात्र त्यालाही दिसत नाहीत. तो नसेल तर जो फोटो आज आहे तोच राहणार. वडिलांनी निवडणुकीत कुठल्या उमेदवाराचा फोटो डीपीला लावला असेल तर तो तिथंच राहील, मी असे दोन-तीन बघितलेत, वर Remembering आणि खाली नगरसेवक हात जोडून उभे. घरच्यांना ते चालणार नसेल तर मग भावाचं म्हणणं बरोबर, काढूनच टाका. मृत्यूनंतर आम्हाला लेगसी काँटॅक्ट करा असा अर्ज केला तरी उपयोग नसतो, ते फक्त त्या माणसालाच नेमता येतं.

मेमोरियलाइज झालं की तुम्ही जी वाढदिवसाची गोष्ट सांगितली ती थांबते, फेसबुक लोकांना आठवण करून देत नाही आणि 'तुमच्या ओळखीचे असतील' या यादीतही नाव येत नाही. पोस्ट ज्यांना आधी दिसत होत्या त्यांनाच दिसत राहतात. लोकांना भिंतीवर लिहिता येतं की नाही हे वडिलांच्या जुन्या सेटिंगवर अवलंबून.

खोट्या प्रोफाइलचं काम मात्र यातलं नाही, ते वेगळं आणि ते आजच करा, अर्जाची वाट बघू नका. खरं अकाउंट मेमोरियलाइज केल्यानं खोटं बंद होत नाही, ते दुसऱ्याच कोणीतरी फोटो चोरून काढलेलं असतं. आधी ओळखा की प्रकार कुठला आहे. पैशाचा मेसेज ज्यांना आला त्यांना त्या प्रोफाइलची लिंक मागा आणि खऱ्याच्या लिंकशी जुळवा. वेगळी असेल तर नक्कल आहे, तीच असेल तर खरं अकाउंटच कोणीतरी हॅक केलंय आणि मग मेमोरियलाइजची घाई करणं योग्य, कारण त्यानं आतला माणूस बाहेर फेकला जातो. नक्कल असेल तर त्या प्रोफाइलवर तीन टिंबं, `Report profile`, आणि पुढं दुसऱ्या कोणाचं तरी सोंग घेतलंय असा पर्याय निवडा, शब्द मधूनमधून बदलतात पण अर्थ तोच. एकट्यानं नाही, ज्यांना मेसेज आले त्यांनाही रिपोर्ट करायला सांगा. आणि तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलवर स्पष्ट लिहा की वडील अमुक तारखेला वारले, त्यांच्या नावानं पैसे मागणारा खोटा आहे. बऱ्याच घरांना हे लिहायला नको वाटतं, पण न लिहिल्यानंच त्या चोराचं फावतं, ज्यांना बातमी नाही तेच पैसे पाठवतात. कोणाचे पैसे गेलेच असतील तर ज्याचे गेले त्यानं लगेच १९३० ला फोन करायचा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार टाकायची, तिथं तासातासाचा फरक पडतो.

इन्स्टाग्राम असेल तर त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो, कंपनी एकच असली तरी एकीकडं केलेलं दुसरीकडं आपोआप होत नाही. त्यांच्या मदत विभागात दोन्ही फॉर्म आहेत. मेमोरियलाइजला मृत्यूचा पुरावा म्हणून बातमीची लिंकही चालते, काढायला मात्र नातं सिद्ध करणारे कागद हवेत, मृत्यू दाखला किंवा त्या व्यक्तीचा जन्मदाखला. लिंक्डइन वापरत असतील तर तिथंही बंद करणं किंवा मेमोरियलाइज करणं दोन्ही आहे. एक्सवर फक्त बंद करता येतं.

व्हॉट्सॲपला आठवणीचं अकाउंट असा प्रकार नाही. काहीच केलं नाही तर १२० दिवस न वापरल्यावर ते अकाउंट आपोआप जातं आणि ग्रुपमध्ये वडिलांनी ग्रुप सोडला असं दिसतं. हे आईला आधी सांगून ठेवा, एका घरात ती ओळ बघून माउलीला भरून आलं होतं. तुमचे चार महिने झालेच आहेत, त्यामुळं फोन बंद पडून असेल तर आजच चार्ज करून नेटला लावा. कोणाशी झालेलं बोलणं ठेवायचं असेल तर ते तुमच्या स्वतःच्या फोनमधूनच काढा, वडिलांचं चॅट उघडून तीन टिंबं, `More`, `Export chat`, आणि मीडियासकट. त्यात व्हॉइस मेसेजही येतात, आणि कितीतरी घरांत वडिलांचा आवाज म्हणून तेवढाच उरलेला असतो. सगळं झाल्यावर अकाउंट काढायचं तर फोनमधल्या सेटिंगमधून निघतं, पण त्यासोबत चॅट आणि गूगलवरचा बॅकअपही पुसला जातो, म्हणून ते सगळ्यात शेवटी.

गूगलचं पण बघून घ्या, फोटो बहुतेक तिथंच असतात. दोन वर्षं वापरलं नाही तर गूगल ते अकाउंट काढून टाकू शकतं, मृत व्यक्तीच्या अकाउंटसाठी त्यांचा वेगळा अर्ज आहे.

काही जण सांगतील की आता डेटाचा कायदा आलाय, वारसाला हक्क आहे. २०२३ च्या त्या कायद्यात कलम १४ आहे, पण ते माणसानं हयातीत नॉमिनी नेमण्याबद्दल आहे. वडिलांनी तसं कोणाला नेमलेलं नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर नोटीस वगैरे पाठवायला कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. वरचे दोन्ही फॉर्म फुकट आहेत आणि एजंट लागत नाही.

तुमचं एवढं सुरळीत झालं की आईचा फोन हातात घ्या आणि फेसबुकच्या `Accounts Center` मध्ये `Personal details`, मग `Account ownership and control`, मग `Memorialization` इथं जाऊन तिच्याकडूनच लेगसी काँटॅक्ट निवडून घ्या. तिथंच माझ्या माघारी अकाउंट काढून टाका असाही पर्याय आहे. यावेळी कोणता घ्यायचा ते तुम्ही दोघं भावंडांनी नाही, तिनं ठरवायचं.